विमान दिसते, पण उशिरा

रडारचे काम विहिरीत तोंड घालून ओरडण्यासारखे आहे. आवाज किती वेळाने परत आला यावरून पाणी किती खोल आहे याचा अंदाज बांधता येतो. रडारची अँटेना आवाजाऐवजी रेडिओलहरींचे छोटे छोटे झोत सोडते. वाटेत विमान आले की लहर त्याच्या अंगावर आपटते, चहूकडे विखुरते आणि तिचा एक अगदी किरकोळ अंश आल्या वाटेने अँटेनाकडे परततो. तो ओळखता आला तर पडद्यावर ठिपका उमटतो, नाही आला तर तेवढे आकाश रिकामे धरले जाते. स्टेल्थ विमानाची सारी धडपड या परतणाऱ्या अंशाशी आहे. लहर विमानावर आपटूच नये असे काही करता येत नाही. आपटल्यावर ती कुठे जाईल आणि तिच्यात किती जीव शिल्लक राहील, एवढेच विमान घडवणाऱ्याच्या हातात असते. पहिले काम विमानाच्या आकाराचे, दुसरे त्याच्या अंगावरच्या लेपाचे.

अशा विमानाला वर्तमानपत्रे सर्रास ‘रडारला न दिसणारे’ म्हणतात. हा शब्दप्रयोग फसवा आहे आणि तो का फसवा आहे हे साध्या हिशेबावरून कळते. रडारची लहर जसजशी दूर जाते तसतशी ती पसरत जाते. अंतर दुप्पट झाले की विमानावर पडणारी शक्ती चौथ्या हिश्शावर येते. परतीच्या प्रवासात पुन्हा तेच होते, म्हणजे चौथ्या हिश्शाचाही चौथा हिस्सा. थोडक्यात, अंतर दुप्पट तर प्रतिध्वनी सोळा पटींनी क्षीण. हा नियम रडारवाल्यांना छळतो तसाच विमानवाल्यांनाही छळतो, कारण तो उलटाही लागू होतो. विमानाचा प्रतिध्वनी मोठ्या मेहनतीने सोळाव्या हिश्शावर आणला तरी रडारचा पल्ला केवळ निम्म्यावर येतो. पल्ला दहाव्या हिश्शावर आणायचा असेल तर प्रतिध्वनी दहा हजार पटींनी घटवावा लागतो.

समजा, एका रडारला साधे लढाऊ विमान २०० किलोमीटरवरून दिसते. तासाला ९०० किलोमीटर वेगाने ते थेट रडारकडे निघाले तर त्याला पोहोचायला सुमारे तेरा मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात भोंगे वाजतात, क्षेपणास्त्रे सज्ज होतात, लढाऊ विमाने उडतात. आता त्याच विमानाचा प्रतिध्वनी दहा हजार पटींनी कमी केला तर ते २० किलोमीटरवर दिसू लागेल आणि रडारवाल्यांच्या हाती उरतील ८० सेकंद. विमान दिसलेच, पण इतक्या उशिरा की त्या दिसण्याचा उपयोग जवळजवळ संपला. शिवाय देशभर पसरलेल्या रडारांची एकमेकांना झाकणारी मोठी वर्तुळे आक्रसून लहान होतात आणि त्यांच्यामध्ये फटी पडतात. या फटींतून वाट काढणे हाच स्टेल्थ विमानाचा खरा डाव असतो.

प्रतिध्वनी मोजायला ‘रडार क्रॉस सेक्शन’ नावाचे माप वापरतात आणि ते चौरस मीटरमध्ये सांगतात. एखाद्या विमानाचे हे माप १० चौरस मीटर आहे याचा अर्थ, १० चौरस मीटरची सावली पाडणारा धातूचा गुळगुळीत गोळा जेवढी लहर परत पाठवेल, तेवढीच ते विमान पाठवते. विमान प्रत्यक्षात केवढे आहे याचा या मापाशी फारसा संबंध नसतो. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा सपाट पत्रा तीन सेंटिमीटर लांबीच्या लहरीसमोर अगदी काटकोनात धरला तर त्याचे माप सुमारे १४ हजार चौरस मीटर भरते. एका पत्र्याचा प्रतिध्वनी अजस्र गोळ्याएवढा! पण तोच पत्रा थोडा कलता केला की हा आकडा कोसळतो आणि भरपूर कलता केला की नगण्य होतो.

असे का होते हे आरशाने कवडसा पाडणाऱ्या कोणत्याही पोराला ठाऊक असते. आरशावर पडलेले ऊन एकाच ठिकाणी जाते. कवडसा ज्याच्या डोळ्यावर पडेल तो दिपून जातो आणि शेजारी उभ्या असलेल्याला काहीच जाणवत नाही. उलट स्टीलचा गोल तांब्या उन्हात ठेवला तर अंगणात कुठेही उभे राहा, त्याच्या पोटावर एक चमकता ठिपका दिसतोच. गोलाईचा कुठला ना कुठला भाग पाहणाऱ्याच्या समोर येतो. नेहमीच्या विमानाचे नळकांड्यासारखे धड या तांब्याच्या जातीचे आहे. रडार कोणत्याही बाजूला असो, धडाची एखादी पट्टी त्याच्याकडे तोंड करून असतेच. त्यामुळे रडारपासून लपायचे असेल तर तांब्यापेक्षा आरसा बरा, मात्र तो रडारच्या तोंडासमोर येता कामा नये.

तांब्याहून वाईट एक गोष्ट आहे, ती म्हणजे काटकोन. कॅरम खेळताना स्ट्रायकर कोपऱ्याजवळ एका पट्टीवर आणि लगेच शेजारच्या पट्टीवर आपटला की तो आला त्याच दिशेने माघारी फिरतो. कोणत्याही तिरक्या कोनातून मारला तरी तसेच घडते. सायकलच्या मागचा लाल रिफ्लेक्टर याच तत्त्वावर चालतो. त्याच्या आत बारीक बारीक काटकोनी कोपरे कोरलेले असतात, म्हणून गाडीच्या दिव्याचा प्रकाश जिथून आला तिथेच परत जातो. जुन्या धाटणीच्या लढाऊ विमानात असे रिफ्लेक्टर पावलोपावली सापडतात. उभी शेपटी आणि आडवी शेपटी यांचा काटकोन, पंख आणि त्याखाली बॉम्ब लटकवायचा खांब यांचा काटकोन, वैमानिकाच्या खोलीतल्या खुर्चीचे आणि यंत्रांचे कोपरे. शिवाय इंजिनाला हवा पुरवणारे नळे असतात. लहर त्यांत शिरते, आत फिरणाऱ्या पात्यांवर आपटते आणि तोंडातून बाहेर पडते. विमान समोरून मोठे दिसण्याचे एक मुख्य कारण हे नळेच असतात.

हे सगळे अभियंत्यांना फार आधीपासून माहीत होते. नेमका कोणता आकार किती प्रतिध्वनी देईल हे आधीच मोजून सांगण्याची रीत मात्र नव्हती. पत्र्याच्या मधल्या भागाचा हिशेब सोपा, पण कडांवर लहर कशी वळते, कशी फुटते याचा हिशेब भयंकर अवघड. ही गाठ सोव्हिएत संघातल्या प्योतर उफीमत्सेव या भौतिकशास्त्रज्ञाने सोडवली. कडांवर उमटणाऱ्या लहरींचे गणित मांडणारे त्यांचे पुस्तक मॉस्कोत १९६२ साली उघडपणे छापले गेले. त्याचा लष्करी उपयोग तिथे कुणाला सुचला नाही. अमेरिकी हवाई दलाने १९७१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर करून घेतले आणि ते कॅलिफोर्नियात लॉकहीड कंपनीच्या ‘स्कंक वर्क्स’ या गुप्त विभागातल्या डेनिस ओव्हरहोल्सर या तरुण अभियंत्याच्या हाती पडले. सोव्हिएत रडारांना चकवणाऱ्या विमानाचे गणित सोव्हिएत पुस्तकातूनच आले, हा योगायोग इतिहासाला शोभणारा आहे.

ओव्हरहोल्सर यांनी निवृत्तीच्या वाटेवरचे गणिती बिल श्रोडर यांच्याबरोबर बसून या गणितावर आधारित ‘एको-१’ हा संगणक प्रोग्रॅम तयार केला. इथे एक अडचण आली आणि त्या अडचणीनेच जगातल्या पहिल्या स्टेल्थ विमानाला त्याचे विचित्र रूप दिले. १९७५ सालच्या संगणकाला गोलाईदार पृष्ठभागाचा हिशेब झेपत नव्हता. सपाट त्रिकोण आणि चौकोन असतील तरच बेरीज वेळेत पूर्ण होई. म्हणून त्यांनी विमानच सपाट तुकड्यांचे करून टाकले. प्रत्येक तुकडा असा कलता ठेवला की पुढून, मागून किंवा बाजूने येणारी लहर वर, खाली, भलतीकडे फेकली जावी. तयार झालेली आकृती पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखी होती. हवेचे शास्त्र जाणणाऱ्या सहकाऱ्यांनी तिला ‘होपलेस डायमंड’ असे नाव ठेवले. गोवळकोंड्याच्या खाणीतून परदेशी गेलेल्या ‘होप’ हिऱ्याच्या नावावर केलेली ही कोटी होती. हा दगड उडणार कसा, असा त्यातला टोमणा.

या विभागाचे प्रमुख बेन रिच यांनी नंतर लिहिलेल्या आठवणींत त्या दिवसांचे फार मजेशीर वर्णन आहे. त्यांनी ओव्हरहोल्सरना विचारले, हे विमान रडारवर केवढे दिसेल? उत्तर आले, गरुडाच्या डोळ्याएवढे. त्यांचे गुरू आणि स्कंक वर्क्सचे संस्थापक केली जॉन्सन यांचा यावर विश्वास बसेना. विभागाने आधी बनवलेले चालकविरहित विमानच रडारवर अधिक लहान दिसेल, अशी पाव डॉलरची पैज त्यांनी लावली आणि ती हरले. पुढे रिच सेनाधिकाऱ्यांच्या भेटीला जात तेव्हा खिशातून बॉल बेअरिंगची गोळी काढून समोरच्या टेबलावर घरंगळत सोडत आणि सांगत, तुमचे विमान रडारला एवढे दिसेल.

मोहावीच्या वाळवंटात लाकडी नमुना खांबावर चढवून त्याची चाचणी घेतली तेव्हाची गोष्ट तर नामी आहे. रडारवर बसलेल्या माणसाने सांगितले की पडद्यावर काही दिसत नाही, नमुना खांबावरून पडला असावा, जरा बघा. रिचनी वळून पाहिले तर नमुना जागच्या जागी होता. तेवढ्यात एक काळा पक्षी येऊन त्यावर बसला आणि आतून आवाज आला, हां, आता दिसला! पडद्यावर पक्षी दिसला होता. पुढे १९७६ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या हवाई दलाच्या चाचणी मैदानावर तर असे लक्षात आले की नमुन्यापेक्षा तो ज्यावर बसवला होता तो खांबच जास्त प्रतिध्वनी देतो आहे. मोजणी करायची तर आधी रडारला न दिसणारा खांब बनवावा लागला.

लॉकहीडने स्पर्धा जिंकली. ‘हॅव ब्लू’ हे प्रायोगिक विमान १ डिसेंबर १९७७ रोजी नेवाडाच्या वाळवंटात उडाले आणि त्यावरून बेतलेले एफ-११७ हे लढाईचे विमान १८ जून १९८१ रोजी. १९८३ मध्ये ते सेवेत आले, पण १९८८ च्या नोव्हेंबरपर्यंत असे काही विमान आहे हेच अमेरिकेने मान्य केले नव्हते. तोवर त्याची उड्डाणे मुख्यतः रात्रीच होत.

एफ-११७ जवळून पाहिले की आकाराचे तत्त्व किती बारकाव्याने पाळले आहे ते कळते. पंखांची पुढची धार सरळ आडवी नसून ती धडापासून साडेसदुसष्ट अंशांनी मागे वळलेली आहे, बाणाच्या टोकासारखी. सरळ कड समोरून येणाऱ्या लहरीला थेट माघारी पाठवते, पण इतकी मागे वळलेली कड तिला बाजूला भिरकावते. शेपटीची दोन पाती इंग्रजी ‘व्ही’सारखी तिरपी आहेत, काटकोन कुठेच नाही. बॉम्ब बाहेर लटकत नाहीत, ते पोटात ठेवतात. चाकांच्या आणि बॉम्बकक्षाच्या दारांच्या कडा, वैमानिकाच्या काचेची चौकट, सगळ्यांना करवतीसारखे दाते आहेत. दार बंद झाल्यावरही बारीक फट राहतेच. ती फट सरळ आडवी असती तर अंगावरून सरपटत जाणारी लहर तिथे अडखळून मागे फिरली असती. दातेरी फटीवर अडखळलेली लहर तिरप्या दिशांना जाते, आणि त्या दिशा पंखांच्या कडांना समांतर ठेवलेल्या असतात. कवडसे पडायचेच असतील तर ते मोजक्याच ठराविक दिशांना पडू द्यावेत, असा हा हिशेब आहे. उडत्या विमानाचा असा कवडसा एखाद्या रडारवर क्षणभर पडतो आणि निघून जातो. तेवढ्या लुकलुकीवरून विमानाचा माग काढणे कठीण असते.

इंजिनाच्या नळ्यांचा प्रश्न त्यांनी जाळी बसवून सोडवला. घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारात काचेमागे भोके पाडलेला पत्रा असतो. आतले अन्न दिसते, म्हणजे प्रकाश त्या भोकांतून बाहेर येतो, पण बारा सेंटिमीटर लांबीच्या लहरी येत नाहीत, कारण भोके त्यांच्या मानाने फारच लहान आहेत. एफ-११७ च्या हवेच्या तोंडांवरची जाळी त्याच नात्यातली आहे. तिचे चौकोन सुमारे दीड सेंटिमीटरचे. हवा आत जाते, पण तीन सेंटिमीटर किंवा त्याहून लांब लहरीला ती जाळी तिरप्या भिंतीसारखी भासते. याची किंमतही मोजावी लागली. इंजिनाला हवा कमी पडू लागली आणि थंड ढगांत जाळीवर बर्फ धरू लागले, म्हणून ते काढण्याची वेगळी सोय करावी लागली. काचेवर सोन्याचा अतिशय पातळ थर दिला आहे. त्यातून वैमानिकाला बाहेरचे दिसते, रडारच्या लहरींना मात्र आत शिरता येत नाही. हा थर नसता तर वैमानिकाच्या शिरस्त्राणाचा प्रतिध्वनीच अख्ख्या विमानापेक्षा मोठा ठरला असता.

एवढे करूनही थोडी लहर उरतेच. कडा, फटी, जोड यांच्यावरून ती निसटते. तिच्यासाठी लेप असतो. लहर शोषणाऱ्या पदार्थांचे साधारण दोन प्रकार सांगता येतात आणि दोन्हींमागची युक्ती निराळी आहे. पहिला प्रकार लहरीला तिच्याच प्रतिबिंबाशी भिडवतो. धातूच्या पत्र्यापुढे लहरीच्या लांबीच्या एक चतुर्थांश अंतरावर विशिष्ट विद्युतरोध असलेला पातळ पडदा उभा केला की पडद्यावरून परतणारी लहर आणि पत्र्यावरून परतणारी लहर एकमेकींच्या विरुद्ध पडतात, एकीचा चढ दुसरीच्या उतारावर बसतो आणि बाहेर काहीच येत नाही. शक्ती पडद्यातच जिरते. अमेरिकी अभियंता विनफिल्ड सॅलिसबरी यांच्या नावाने हा पडदा ओळखला जातो. त्यातली मेख अंतरात आहे. तीन सेंटिमीटरच्या लहरीला साडेसात मिलिमीटर पुरतात, पण लहरीची लांबी बदलली की जुळणी बिघडते.

दुसऱ्या प्रकारात लोखंडाची अतिशय बारीक, गोल भुकटी रबरासारख्या किंवा रंगासारख्या पदार्थात कालवून अंगावर चढवतात. लहरीतले चुंबकीय क्षेत्र सेकंदाला अब्जावधी वेळा दिशा बदलते. भुकटीच्या कणांना त्याच्यामागे सतत उलटसुलट व्हावे लागते आणि त्या ओढाताणीत लहरीची शक्ती उष्णतेत बदलते. ही उष्णता नगण्य असते, तिने विमान तापत नाही, कारण दूरच्या रडारकडून येणारी शक्ती मुळातच फार थोडी असते. कण एकमेकांना टेकणार नाहीत याची काळजी मात्र घ्यावी लागते. ते टेकले तर लेप शोषक राहत नाही, धातूच्या पत्र्यासारखा वागून लहर परतवू लागतो. एफ-११७ च्या ॲल्युमिनियमच्या अंगावर सुरुवातीला अशा पदार्थाचे पातळ पत्रे जमिनीवर लिनोलियम चिकटवावे तसे चिकटवले होते. पुढे फवारून लेप देण्याची पद्धत आली. असा लेप जड असतो, आणि विमानात वाढलेला प्रत्येक किलो इंधनातून किंवा बॉम्बमधून वजा होतो.

मग साधेच विमान घेऊन त्याला सगळीकडे हा लेप का फासू नये? उत्तर सुरुवातीच्या हिशेबात आहे. लेपाने ९९ टक्के शक्ती शोषली असे धरले, आणि सगळ्या लहरींसाठी तसे होणे अवघडच, तरी एक टक्का उरतो. प्रतिध्वनी शंभराव्या हिश्शावर आला की रडारचा पल्ला जेमतेम तिसऱ्या हिश्शावर येतो. २०० किलोमीटरवर दिसणारे विमान ६३ किलोमीटरवर दिसेल. ८० सेकंदांचा डाव साधायचा तर बाकीचे शंभर पट काम आकारालाच करावे लागते. म्हणून या क्षेत्रातली माणसे आकाराला पहिले, दुसरे आणि तिसरे स्थान देतात आणि लेपाला चौथे.

मात्र आकाराने काम फत्ते केले की लेपातली आणि जोडणीतली बारीकशी चूकही डोळ्यांत भरते. हॅव ब्लूच्या एका उड्डाणात हे विमान अचानक रडारवर ८० किलोमीटरवरून ठळक दिसू लागले. लेपात दोष असेल म्हणून शोध सुरू झाला. सापडले ते तीन स्क्रू. ते नीट आवळले नव्हते आणि त्यांची डोकी अंगाबाहेर तीन मिलिमीटरहून कमी आली होती. साध्या विमानात असल्या स्क्रूंकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही, कारण त्यांचा प्रतिध्वनी विमानाच्या गोंगाटात बुडून जातो. इथे गोंगाटच नव्हता. म्हणूनच स्टेल्थ विमानाच्या देखभालीत यंत्रांइतकाच वेळ फटी बुजवण्यात, पट्ट्या चिकटवण्यात आणि लेप सुकण्याची वाट पाहण्यात जातो. एखादे झाकण उघडून आतला भाग बदलायचा म्हणजे वरचा लेप खरवडायचा आणि काम झाल्यावर पुन्हा द्यायचा. बी-२ या मोठ्या स्टेल्थ बॉम्बफेकी विमानाचे पृष्ठभाग दमट हवा आणि पाऊस यांनी बिघडतात, त्याला निवाऱ्यात ठेवावे लागते, असे अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणी कार्यालयाने १९९७ मध्ये लिहिले आणि त्यावर वर्तमानपत्रांनी बरीच टवाळी केली. ती थोडी अन्यायाची होती. ज्या विमानाचा प्रतिध्वनी इतका लहान, त्याच्या अंगावरचा ओरखडाही मोठाच दिसणार.

बी-२ पहिल्यांदा उडाले १९८९ साली. तोवर संगणक पुष्कळ पुढे गेले होते आणि गोलाईचा हिशेबही करता येऊ लागला होता. त्यामुळे त्यात पैलू दिसत नाहीत. सगळे अंग एखाद्या माशासारखे सलग वळत जाते आणि वरून पाहिल्यास कडा दोनच दिशांना समांतर दिसतात. हिऱ्यासारखे पैलू ही स्टेल्थची खूण नव्हती, ती १९७५ च्या संगणकाची मर्यादा होती.

एफ-११७ ने स्टेल्थपायी बरेच काही सोडून दिले. स्वतःचे रडार त्याला नव्हते, कारण रडारची अँटेना म्हणजे पुढे बसवलेला आरसा आणि ती लहरी सोडू लागली की आपला ठावठिकाणा आपणच सांगितल्यासारखे होते. पोटात फक्त दोन बॉम्ब मावत. ध्वनीपेक्षा वेगाने ते उडत नसे. पैलूदार अंगामुळे ते हवेत इतके अस्थिर होते की संगणक क्षणाक्षणाला त्याचे पंखे हलवून सावरत नसते तर कोणत्याही वैमानिकाला ते उडवता आले नसते. शांततेच्या काळात तर उलटी अडचण येई. विमानतळावरच्या नियंत्रकांना ते दिसावे म्हणून त्याच्या अंगावर मुद्दाम रिफ्लेक्टर बसवत आणि मोहिमेवर निघताना ते काढून टाकत.

सगळ्यात मोठी मर्यादा मात्र लहरीच्या लांबीत आहे. आतापर्यंतचे सारे गणित तीन सेंटिमीटर, दहा सेंटिमीटर अशा छोट्या लहरींचे आहे. एक मीटरचा पैलू तीन सेंटिमीटरच्या लहरीच्या तेहतीस पट रुंद असतो, म्हणून तो आरशासारखा वागतो. लहर दोन मीटर लांब असेल तर तोच पैलू तिच्यापेक्षा लहान ठरतो आणि आरसा राहत नाही. शेपटीचे पाते किंवा पंखाचे टोक जवळजवळ लहरीएवढेच असल्याने ते अँटेनासारखे सगळेच्या सगळे थरथरते आणि चहूकडे लहरी फेकू लागते. मग त्याचा कल कुठे आहे याला फारसा अर्थ उरत नाही. लेपही हतबल होतो, कारण दोन मीटरच्या लहरीला एक चतुर्थांशाच्या हिशेबाने अर्ध्या मीटरचा पडदा लागेल. मीटरभर लांबीच्या लहरी वापरणारी रडारे तर दुसऱ्या महायुद्धापासून आहेत. मग जगाने तीच का वापरली नाहीत? कारण त्यांचा झोत फार रुंद असतो. विमान अमुक भागात आहे एवढे ती सांगतात, पण क्षेपणास्त्र नेमके नेऊन आदळवण्याइतकी अचूकता त्यांच्यात नसते. ते काम छोट्या लहरींच्या रडारचे, आणि त्यालाच स्टेल्थ विमान चकवते.

या दोन रडारांची सांगड घालून दाखवली ती सर्बियाच्या एका तुकडीने. १९९९ च्या मार्चमध्ये नाटोची विमाने युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक करत होती. झोल्टान डानी हे अधिकारी तिथल्या क्षेपणास्त्र तुकडीचे प्रमुख होते. त्यांच्याकडची क्षेपणास्त्रे सोव्हिएत बनावटीची एस-१२५, म्हणजे १९६० च्या दशकातली, आणि टेहळणीचे पी-१८ रडार सुमारे दोन मीटर लांबीच्या लहरी सोडणारे. नाटोची विमाने रडारचा माग काढून त्यावरच क्षेपणास्त्र सोडत, म्हणून डानी नेम धरणारे रडार काही सेकंदांपलीकडे चालू ठेवू देत नसत आणि तुकडी सतत जागा बदलत असे. समोरच्या बाजूने एक चूक केली होती. एफ-११७ विमाने रात्रीमागून रात्री जवळजवळ त्याच वाटांनी येत-जात होती. स्टेल्थचा सारा डाव फटींतून वाट काढण्याचा असताना वाट ठरलेली असेल तर फट बुजवणे सोपे होते.

२७ मार्चच्या रात्री पी-१८ ने ढोबळ दिशा दाखवली. नेम धरणारे रडार त्याच दिशेला वळवून क्षणभर चालू केले आणि त्याला सुमारे १३ किलोमीटरवर विमान गवसले. दोन क्षेपणास्त्रे सुटली. एक विमानाजवळ फुटले आणि विमान कोलमडले. वैमानिक डेल झेल्को हवाई छत्रीने उतरले आणि काही तासांनी अमेरिकी हेलिकॉप्टरने त्यांना उचलून नेले. एफ-११७ शत्रूच्या माऱ्यात पडल्याची ही एकमेव घटना. ते बुड्यानोव्त्सी गावाजवळच्या शेतात पडले. त्याचा पंखाचा तुकडा आणि वैमानिकाच्या काचेची चौकट बेलग्रेडच्या विमान संग्रहालयाने जपून ठेवली आहे.